खेळण्याच्या डब्यावर छापलेलं नाव

*नमस्कार. मी फोंडा तालुक्यात राहते. नवरा बोटीवर असतो, वर्षातले सात-आठ महिने घरी नसतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. त्याचे बाबा दूर असल्यामुळे मी त्याचे फोटो स्टेटसला आणि इन्स्टाग्रामवर टाकत असते. गेलं वर्षभर फोटोंपेक्षा एआयने बनवलेली चित्रंच जास्त टाकते, कारण त्यात खरा चेहरा दिसत नाही, म्हणजे ती सुरक्षित, असं मला वाटतं. चवथीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा त्याचं खेळण्याच्या डब्यातल्या बाहुलीसारखं चित्र बनवलं. वर त्याचं नाव, खाली इयत्ता, अंगात युनिफॉर्म, बाजूला फुटबॉल, तबला आणि पिवळा बालरथ. सगळ्यांना खूप आवडलं. पण धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, हे सगळं काढून टाका, पोराला धोका आहे." चित्रात चेहरा खरा नसताना कसला धोका? आणि सगळंच बंद केलं तर त्याच्या बाबांनी मुलाला बघायचं कसं?*

*– एक आई, फोंडा*

ताई, डब्याचं चित्र आजच काढा. बाकीच्या चित्रांचं सावकाश बघू, त्यातली काही ठेवता येतील. बाबांना मुलगा दिसत राहण्यासाठी काय करायचं तेही सांगते. पण आधी त्या डब्याकडे नीट बघूया, कारण तुमच्या दिरांना धोका जाणवला तो बरोबर आहे, फक्त तो चेहऱ्यात नाही.

तुमच्या मुलाला कधीही न पाहिलेल्या माणसाच्या नजरेने ते चित्र बघा. त्याला नाव मिळालं. इयत्ता मिळाली. युनिफॉर्मच्या चौकड्यांवरून आणि खिशावरच्या बिल्ल्यावरून शाळा मिळाली. मुलगा बालरथाने जातो हे कळलं, म्हणजे रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या थांब्यावर उभा असतो हेही कळलं. फुटबॉल आणि तबला यांचे कुठेतरी क्लास असणार. आता त्याखालच्या कमेंट उघडा. अशा चित्राखाली एखादी आत्या मुलाला घरातल्या लाडक्या नावाने हाक मारते, एखादी शेजारीण विचारते, "शनिवारी मैदानावर दिसला होता तो हाच ना?" आणि आजी आपल्या गावाचं नाव घालून आशीर्वाद देते. यातलं कुणीही काही वाईट केलेलं नाही. पण सगळं एकत्र ठेवलं की परक्या माणसाला थांब्यावर येऊन एवढंच म्हणावं लागतं, "अरे," पुढे ते लाडकं नाव, "आज तबल्याचा क्लास नाही, आजीने मला तुला न्यायला पाठवलंय." सात वर्षांच्या मुलाला अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही हे माहीत असतं. पण घरातलं नाव, आजी आणि तबल्याचा क्लास ज्याला माहीत आहे तो त्याच्या दृष्टीने अनोळखी राहतच नाही. या सगळ्यात चेहऱ्याची गरज कुठे लागली?

मोठ्या शहरात एका युनिफॉर्मवरून फार काही कळेलच असं नाही. आपल्याकडे तसं नाही. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, कुठलाही तालुका घ्या. त्या रंगाचा टाय आणि त्या चौकड्या म्हणजे बहुतेक वेळा एकच शाळा. बालरथावर शाळेचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि तो कुठल्या वाड्यावर कधी थांबतो हे रस्त्यावरच्या दुकानदारालाही माहीत असतं. एकमेकांना ओळखणं हे आपल्या गावांचं बळ आहे, पण त्याच ओळखीमुळे चित्रातला एखादा छोटासा धागा पकडून घरापर्यंत पोचणं इथे फारच सोपं जातं.

हे डब्याचं खूळ आलं कसं, ते समजलं तर पुढचं सोपं होईल. मार्च 2025 च्या अखेरीस चॅटजीपीटीमध्ये चित्रं काढण्याची नवी सोय आली. आधी जपानी ॲनिमेशनसारख्या चित्रांची लाट आली, मग लगेच एप्रिलमध्ये डब्यातल्या बाहुल्यांची. ऑगस्टमध्ये गूगलच्या जेमिनीत 'नॅनो बनाना' या नावाने ओळखलं जाणारं मॉडेल आलं आणि मेजावर ठेवलेल्या पुतळ्यांची, मग साडीतल्या फोटोंची लाट आली. त्याआधीच्या साधनांना दोन गोष्टी धड जमत नव्हत्या. अक्षरं काढायला सांगितली की वेडीवाकडी, अर्थहीन यायची. आणि चेहरा त्याच माणसाचा राहायचा नाही. नव्या साधनांची ख्याती याच दोन गोष्टींसाठी झाली. मजकूर वाचता येतो आणि माणूस तोच वाटतो. तुमचं चित्र इतकं सुंदर आलं ते त्यामुळेच, आणि बिल्ल्यावरचं शाळेचं नाव वाचता येण्याजोगं राहिलं असेल तर तेही त्यामुळेच. शिवाय डब्याचं चित्र रंगण्यासाठी आपण आपल्या हाताने सांगतो की वर हे नाव घाल, बाजूला या वस्तू ठेव. एरवी कुणी अनोळखी माणसाने मुलाचं नाव, इयत्ता आणि छंद विचारले असते तर तुम्ही नक्कीच सांगितले नसते.

आता चेहऱ्याबद्दल. कार्टूनमध्ये खरा चेहरा दिसत नाही हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या भागाला किंमत आहे. खरोखर हाताने रंगवल्यासारखं, मोठ्या डोळ्यांचं, बारीक तपशील गाळलेलं कार्टून असेल तर त्यातून चेहरा उचलून गैरवापर करणं अवघड जातं. कपडे उतरवल्यासारखी बनावट चित्रं करणाऱ्या घाणेरड्या साधनांना समोरून घेतलेला, स्वच्छ उजेडातला, खरा वाटणारा चेहरा हवा असतो. कार्टून त्यांच्या फारसं उपयोगाचं नाही. म्हणून खऱ्या फोटोऐवजी कार्टून टाकण्याचा तुमचा विचार मुळात चुकीचा नव्हता. पण डब्यातली बाहुली, मेजावरचा पुतळा, राजाच्या वेशातला किंवा अंतराळवीराच्या पोशाखातला मुलगा या प्रकारांत चेहरा खराच असतो, फक्त त्याच्याभोवतीचं जग बनावट असतं. ही चित्रं कार्टून नव्हेत. गैरवापराच्या दृष्टीने ती साध्या फोटोइतकीच उघडी आहेत.

आणि बरेच पालक खरा फोटो आणि त्यावरून काढलेलं कार्टून शेजारी शेजारी टाकतात, कारण "बघा किती हुबेहूब आलंय" हे दाखवण्यातच मजा असते. तुमच्या खात्यावर अशी जोडचित्रं असतील तर ती डब्याच्या चित्राबरोबरच काढा. खरा चेहरा तिथेच ठेवला तर कार्टूनने झाकलं काय?

पुढे चित्रं बनवायची असतील तर एक क्रम कायमचा लावून घ्या: फोटो आधी साफ करायचा, चित्र नंतर बनवायचं. सध्या बहुतेक घरांत उलट होतं. शाळेच्या गेटवरचा फोटो जसाच्या तसा साधनाला दिला जातो आणि आलेल्या चित्रात बिल्ला दिसला तर तो पुसला जातो. यात दोन तोटे आहेत. एक म्हणजे खरा फोटो, त्यातला चेहरा, युनिफॉर्म, मागची शाळेची पाटी, सगळं त्या कंपनीच्या यंत्रणेकडे जाऊन पोचलेलं असतं. इन्स्टाग्रामवर कुणी बघितलं किंवा नाही, तिथे ते गेलंच. दुसरं म्हणजे साधन संपूर्ण चित्र नव्याने रंगवतं, तेव्हा मूळ फोटोत जे जे होतं ते कुठे ना कुठे उतरू शकतं. बिल्ला पुसाल, पण मागच्या भिंतीवरचं शाळेचं बोधवाक्य तुमच्या नजरेतून सुटेल. मूळ फोटोतच ते नसेल तर उतरणार कुठून?

साफ करणं म्हणजे फार तांत्रिक काम नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे युनिफॉर्मातला फोटो चित्रासाठी वापरायचाच नाही. घरात, साध्या भिंतीपुढे, काही न लिहिलेल्या टी-शर्टमधला फोटो घ्या. चित्रात युनिफॉर्म हवाच असेल तर साधनाला सांगा की निळा साधा युनिफॉर्म काढ, कुठेही अक्षरं किंवा चिन्ह नको. मग तो कुठल्याच शाळेचा नसेल. जुनाच फोटो घ्यायचा असेल तर छातीच्या वर कापा, म्हणजे बिल्ला, टाय आणि आयकार्डाची पट्टी निघून जाईल. खांद्यावर हाऊसच्या रंगाची पट्टी असते, दप्तरावर नावाची चिठ्ठी असते, पाण्याच्या बाटलीवर तुम्हीच नाव आणि वर्ग लिहिलेला असतो. तेवढं बघा. मग चित्र आलं की दोन बोटांनी मोठं करून चारही कोपरे तपासा.

एखादी गोष्ट झाकायची असेल तर पूर्ण अपारदर्शक चौकोनाने झाका, आणि थोडा मोठाच ठेवा. पुसट करणं, बारीक ठोकळे करणं, भोवऱ्यासारखं फिरवणं यांवर भरवसा ठेवू नका. ते डोळ्याला झाकल्यासारखं वाटतं, पण त्यातली मूळ माहिती पूर्ण पुसली जात नाही. 2007 मध्ये इंटरपोलने एका माणसाचा फोटो जगापुढे ठेवला होता. मुलांवर अत्याचार करून त्याने स्वतःचा चेहरा भोवरा करून लपवला होता. जर्मन पोलिसांतल्या तज्ज्ञांनी तो भोवरा उलटा फिरवून चेहरा परत मिळवला आणि तो माणूस पकडला गेला. त्या वेळी हे तंत्र चांगल्या कामाला आलं. पण ज्या रीतीने एका गुन्हेगाराचा चेहरा उघडा झाला, त्याच रीतीने आपण भोवरा करून लपवलेला मुलाचा चेहराही उघडा होऊ शकतो. फोनच्या हायलायटरने काळं करणं तर अगदीच टाळा. त्याची शाई अर्धपारदर्शक असते, उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसतात.

साधनाकडे जाणाऱ्या फोटोचंही बघून घ्या. चॅटजीपीटी वापरत असाल तर सेटिंगमध्ये Data controls उघडा आणि Improve the model for everyone बंद करा. त्याने आपण दिलेला मजकूर आणि फोटो पुढच्या मॉडेलच्या शिकवणीत जात नाहीत. काम झालं की ती चॅटच पुसून टाका. जेमिनीतही आपल्या वापराची नोंद ठेवायची की नाही याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती बंद करता येते. एवढं केल्याने फोटो त्यांच्याकडे गेलाच नाही असं होत नाही, म्हणून साफ केलेलाच फोटो द्यायचा हे पहिलं. आणि कुणीतरी ग्रुपवर लिंक पाठवली, "फोटो टाका, मुलाचं राजकुमाराचं चित्र फुकट मिळवा," अशी अनोळखी ॲप अजिबात नकोत. ती कुणाची, फोटो कुठे ठेवतात, काही कळत नाही.

आता मुलाच्या बाबांचं. ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जवळचं वाटलं ते हेच. बोटीवर गेलेल्या माणसाच्या घरी फोटो हाच मुलगा मोठा होताना बघण्याचा मार्ग असतो. तो बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट त्यांना खरे फोटो पाठवा, युनिफॉर्मातले, माटोळीखाली बसलेले, दात पडलेले, सगळे. फक्त ते त्यांना पाठवा. तुम्ही, ते, दोन्हीकडच्या आजी-आजोबा आणि तुम्ही ठरवाल ती दोन-चार माणसं, असा व्हॉट्सॲपचा छोटा ग्रुप करा. त्यात नवीन माणसं घालण्याचा अधिकार ॲडमिन म्हणून फक्त तुमच्याकडे ठेवा. स्टेटस टाकायचंच असेल तर त्याच्या प्रायव्हसीत Only share with निवडून तीच नावं घाला. तुमच्या फोनमध्ये गॅसवाला, प्लंबर, जुन्या ऑफिसचे लोक, क्लासचे पालक असे शेकडो नंबर असतील. My contacts म्हणजे ते सगळे, आणि त्यांतल्या ज्यांच्याकडे तुमचा नंबर आहे त्यांना स्टेटस दिसतं.

फोटो नेहमीप्रमाणे फोटो म्हणूनच पाठवा. व्हॉट्सॲप त्यातली ठिकाणाची नोंद काढून टाकतं. चांगला दर्जा राहावा म्हणून बरेच जण फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, त्यात मात्र फोनने आत लिहिलेली ठिकाणाची नोंद तशीच जाते. मूळ फाइल पाठवायचीच असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद ठेवा. आणि त्यांनाही एक गोष्ट सांगा: बोटीवरच्या सोबत्यांना फोनवर खुशाल दाखवा, पण ग्रुपवर पाठवू नका आणि स्वतःच्या डीपीला लावू नका.

काढून टाकण्याचं काम एका संध्याकाळी होईल. इन्स्टाग्रामवरून डिलीट केलेली पोस्ट लगेच नाहीशी होत नाही, ती Recently deleted मध्ये 30 दिवसांपर्यंत राहते, तिथे जाऊन तिथूनही काढा. खातं प्रायव्हेट करा, पण तेवढ्याने जुने फॉलोअर जात नाहीत. यादी वरपासून खालपर्यंत बघा आणि ज्यांना तुम्ही रस्त्यात ओळखणार नाही त्यांना काढा. फेसबुक असेल तर त्यात जुन्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करण्याची सोय आहे, Limit past posts असं लिहिलेलं असतं. मग आत्या, मावशी, काकू यांपैकी कुणी ते चित्र पुढे टाकलं आहे का ते विचारा. शेवटी मुलाचं पूर्ण नाव आणि शाळेचं नाव घालून गूगलवर शोधा. चित्र शोधात दिसलंच तर 18 वर्षांखालच्या मुलाचं चित्र शोधातून काढण्याची विनंती पालक गूगलकडे करू शकतात, 2021 पासून ही सोय आहे. त्याने ते चित्र शोधात दिसणं थांबतं, मूळ पानावरून ते जात नाही, त्यासाठी त्या पानाच्या मालकालाच गाठावं लागतं.

कुणी स्टेटसचा स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो परत आणता येणार नाही. म्हणून चित्र काढण्याबरोबर आणखी एक गोष्ट करा, आणि माझ्या मते ती बाकी सगळ्यापेक्षा जास्त कामाची आहे. घरात एक खुणेचा शब्द ठरवा. शाळेतून किंवा क्लासमधून न्यायला आई किंवा आजीखेरीज कुणीही आलं तर त्याने तो शब्द सांगायचा, नाही सांगितला तर जायचं नाही, मग तो घरातलं नाव घेवो की आजीचं. शब्द मुलालाच निवडू द्या, त्याच्या लक्षात राहील. तो कुठे लिहायचा नाही आणि मित्रांना सांगायचा नाही. बालरथाच्या चालकाला, मदतनीस बाईंना आणि वर्गशिक्षिकांना न्यायला येणाऱ्यांची नावं लिहून द्या. बाहेर गेलेली माहिती परत येत नाही, पण अशाने तिचा उपयोग करणाऱ्याची वाट तरी अडते.

देव न करो, पण कधी मुलाच्या फोटोवरून बनवलेलं अश्लील चित्र कुणाच्या हाती दिसलं, तर काय करायचं तेही आत्ताच माहीत असू द्या, त्या वेळी सुचत नाही. "चित्र बनावट आहे, मग गुन्हा कसला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पॉक्सो कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने संगणकावर बनवलेली किंवा बदललेली, पण मुलाची वाटणारी अश्लील चित्रंही त्यात धरली आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67-बी हे कलमही लागतं. पुरावा म्हणून ते चित्र दिराला, मैत्रिणीला, ग्रुपवर असं कुणालाच पाठवू नका, कारण असं चित्र पुढे पाठवणं हाही गुन्हाच आहे. कुठल्या खात्यावर दिसलं, त्या पानाचा पत्ता, तारीख, वेळ लिहून ठेवा. मग cybercrime.gov.in वर महिला व मुलांविषयीच्या विभागात तक्रार करा, किंवा रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात जा. तातडीची वेळ असेल तर 112, आणि मुलांसाठीची मदत 1098 वर. ज्या मंचावर ते दिसलं त्यालाही तिथल्या तिथे कळवा. बदललेल्या नग्न चित्राची तक्रार आली तर पावलं उचलण्याचं बंधन 2021 च्या नियमांनीच त्यांच्यावर घातलं आहे; त्यासाठीची 24 तासांची मुदत 2026 च्या दुरुस्तीने 2 तासांवर आणली आहे. takeitdown.ncmec.org या मोफत सेवेत तुमच्याच फोनवर त्या चित्राचा एक आकडेरूपी ठसा तयार होतो. चित्र फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारखे त्यात सामील झालेले मंच त्या ठशावरून चित्र ओळखून काढू शकतात.

शाळेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुम्ही सगळं साफ केलंत आणि शाळेच्या पानावर नाव, इयत्ता, चेहरा एकाच फोटोत आला तर तुमची मेहनत वाया जाईल. हल्ली शिक्षिकाही हौसेने अख्ख्या वर्गाचं कार्टून बनवून टाकतात, म्हणजे तीस घरांच्या मुलांचे चेहरे एकाच वेळी साधनाला दिले जातात. मुख्याध्यापकांना साधं पत्र लिहा. भांडण नको, तीन विनंत्या पुरेत: बक्षिसाच्या फोटोबरोबर पूर्ण नाव आणि इयत्ता लिहू नये, सहलीचे फोटो मुलं परत आल्यावर टाकावेत, आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो एआयच्या साधनात घालू नयेत. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. म्हणून शाळेला कायद्याचा धाक घालण्यापेक्षा, "पुढे हे करावंच लागणार आहे, आताच सुरुवात करूया," असं म्हणा. वर्गातल्या आणखी दोन-तीन पालकांच्या सह्या असतील तर पत्राचं वजन वाढेल. आणि वाढदिवसाच्या फोटोत दुसऱ्यांची मुलं असतात, त्यांच्या आयांना विचारल्याशिवाय तुम्हीही त्यांची चित्रं बनवू नका.

मुलालाही विचारायला लागा. सात वर्षांच्या मुलाला "हे चित्र बाबांना पाठवू का, सगळ्यांना दाखवू का" यातला फरक कळतो. तो नको म्हणाला तर नको. चित्र कितीही गोंडस असलं तरी.

नातेवाइकांना तोंडी सांगितलं तर कुणीतरी नक्की रुसेल, म्हणून तुमच्या घरच्या ग्रुपवर टाकण्यासाठी मजकूर देते. हवा तसा बदला:

"सगळ्यांना विनंती. बाळाचे फोटो आणि त्यावरून बनवलेली चित्रं आम्ही आता फक्त घरच्या छोट्या ग्रुपवर टाकणार आहोत. ती स्टेटसला, डीपीला किंवा दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. आधी टाकलेलं डब्याचं चित्र कुणाकडे असेल तर कृपया काढा. कमेंटमध्ये त्याचं घरातलं नाव, शाळा, क्लास लिहू नका. त्याला भेटायचं असेल तर घरी या."

पहिली प्रत दिरांनाच पाठवा, आणि पोस्टखालच्या जुन्या कमेंट शोधायला त्यांनाच सोबत घेऊन बसा. दोघांनी मिळून केलंत तर एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसेल.